राखुंडीपासून टाळूच्या तुकड्यापर्यंत: हिरड्या मागे सरकण्याची पार्श्वभूमी

गुहागरची माझी आत्या दोन वर्षांपूर्वी म्हणाली, "माझे दात लांब व्हायला लागलेत रे, आणि सोलकढी प्यायली तरी शिवशिवतात." आता या वयात दात कुठले लांब होतायत, हिरडी वर सरकते आणि आतलं मूळ उघडं पडतं, म्हणून तसं दिसतं. पण हे का झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

आमच्याकडे दात बोटाने घासायचे. भाताच्या तुसाची राख, नारळाच्या करवंटीचा कोळसा, मीठ, जे घरात असेल ते. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे बारीक वाळूच म्हणा, आणि जोर लावून घासलं की दात चकचकीत व्हायचे, त्यामुळे जोर म्हणजे स्वच्छता हे डोक्यात पक्कं बसलं. बायकांमध्ये वर मशेरी, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड, ती घासायची आणि बराच वेळ तोंडात तशीच ठेवायची. मशेरीने हिरड्या सरकतात हे एक, पण तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही आहे, त्यामुळे ती सोडायलाच हवी यात मला तरी दुसरं मत नाही.

मग ब्रश आला. नायलॉनचे केस असलेला ब्रश अमेरिकेत 1938 साली बाजारात आला, तोपर्यंत डुकराचे केस वापरायचे. सुरुवातीचं नायलॉन चांगलंच राठ होतं, मऊ केस नंतर आले. आपल्याकडे मात्र ब्रश बदलला आणि हात तोच राहिला, बोटाने जसं आडवं रगडायचो तसंच ब्रशने रगडायला लागलो, आणि दुकानातही "हार्ड द्या" म्हणून मागून घ्यायचो. खरंतर चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्येच लिहून ठेवलं होतं की मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशात धरायचा आणि जागच्या जागी अगदी थोडासा हलवायचा.

आत्याने मशेरी सोडून पंधरा वर्षं झाली होती पण ब्रश हार्ड. चिपळूणच्या डेंटिस्टने तोंड बघून आधी विचारलं, "काकू, तुम्ही उजव्या हाताने घासता ना?" कारण सगळ्यात जास्त सरकलेली हिरडी वरच्या डाव्या सुळ्याची होती, उजव्या हाताचा जोर बरेचदा तिथेच पडतो, शिवाय सुळ्याचं मूळ बाहेर आलेलं असतं आणि त्यावरची हिरडी आणि हाड बऱ्याच जणांत पातळ असतं. मोजलं तर 3 मिलिमीटर, शेजारच्या उपदाढेला 2, आणि मुळाशी इंग्रजी व्ही सारखी खाच. ही खाच दिसली आणि दातांमधली हिरडी शाबूत असली की संशय ब्रशवर जातो. दातांमध्येही काळ्या फटी पडल्या असतील, रक्त येत असेल, तर बहुधा पायोरिया आहे, आणि मग आधी त्याचा उपचार.

पहिले सहा महिने फक्त पद्धत बदलली. मऊ ब्रश, मूठ न आवळता बोटांत पेनासारखा धरायचा, केस हिरडीकडे तिरके टेकवून हलकंसं थरथरवायचं आणि वरच्या दातांना वरून खाली फिरवत आणायचं. शिवशिवण्यासाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट, तिला गुण यायला दोनचार आठवडे लागले. सरकलेली हिरडी एवढ्याने परत येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, फक्त पुढे सरकायचं थांबतं, आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. उपदाढ तशीच 2 वर थांबली. सुळ्याचं मात्र 3 चं साडेतीन झालं.

म्हणून ग्राफ्ट, म्हणजे तोंडातल्या टाळूचा तुकडा काढून उघड्या मुळावर लावायचा. यातली दोन महत्त्वाची कामं एकाच वर्षातली, 1985 ची. मिलर नावाच्या डेंटिस्टने सांगितलं की मूळ पूर्ण झाकलं जाईल की नाही हे शेजारच्या फटीतलं हाड आणि हिरडी ठरवते, ती शाबूत असतील तर पूर्ण झाकण्याची आशा, गेलेली असतील तर थोडंच किंवा काहीच नाही. आणि लँगर या डेंटिस्ट पतीपत्नींनी टाळूच्या कातडीखालचा फक्त आतला थर काढून मुळावर ठेवायची रीत दिली, वरून जवळची हिरडी ओढून झाकायची, म्हणजे तुकड्याला दोन्ही बाजूंनी रक्त मिळतं. त्याआधी कातडीसकट तुकडा लावायचे, तो जगायचा पण रंग वेगळा दिसायचा आणि टाळूची जखम उघडी राहायची.

आत्याचा तुकडा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा होता. सुळ्यापेक्षा टाळूच जास्त दुखली म्हणाली, आठवडाभर मऊ भात आणि गार पेज. त्या जागी ब्रश अजिबात नाही, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळ, आणि दोन आठवड्यांनी टाके काढले. सहा महिन्यांनी मोजलं तर साडेतीनपैकी 3 मिलिमीटर झाकलेलं होतं, उरलेल्या अर्ध्यात त्या जुन्या खाचेची कड दिसते, तिथे दाताच्या रंगाचं फिलिंग केलंय.