तिसरा धा समेवर कसा येतो

‘तिट कत गदि गन धा’ हे बोल तबला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून जातात. एका मात्रेत, म्हणजे तालाच्या एका ठोक्यात, दोन अक्षरं या हिशेबाने पहिल्या चार जोड्यांना चार मात्रा लागतात आणि पाचव्या मात्रेवर धा पडतो. हाच तुकडा तीनदा वाजवला आणि तिसरा धा नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आला, की झाली तिहाई. ऐकणाऱ्याला वाटतं, कलाकार रंगात येऊन धावत सुटला आणि सुदैवाने वेळेवर पोहोचला. खरं तर त्यात सुदैव फारसं नसतं. सम कुठे आहे हे आधीच ठरलेलं असतं आणि वादक तिथून मागे मोजत सुरुवातीची जागा गाठतो. हे मागे मोजणं कसं चालतं, ते या एकाच तुकड्यावर पाहू.

आधी तीनताल डोळ्यांसमोर आणू. सोळा मात्रांचं आवर्तन, चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तिथे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. पहिली मात्रा म्हणजे सम. आता आपली तिहाई समेपासून सुरू करून पुढच्या समेवर आणायची, तर ती अशी बसते, ऽ म्हणजे रिकामी मात्रा:

तिट कत गदि गन | धा ऽ तिट कत | गदि गन धा ऽ | तिट कत गदि गन | धा

हे तोंडाने म्हणत हाताने ताल धरून पाहावं, वाचून अर्धीच गंमत कळते. पहिला धा पाचव्या मात्रेवर, म्हणजे टाळीवर पडतो. दुसरा अकराव्या मात्रेवर, खालीच्या विभागात मधेच कुठेतरी पडतो आणि क्षणभर जमीन सरकल्यासारखी वाटते. तिसरा समेवर येतो. तुकडा तोच, अंतरही तेच, पण तालाच्या सांगाड्यावर प्रत्येक वेळी जागा वेगळी. तालाचे विभाग चार-चार मात्रांनी चाललेत आणि तिहाई सहा-सहा मात्रांनी. या दोन चाली शेवटी समेवर भेटतात.

नवशिक्याचं गणित इथे हमखास एका मात्रेने चुकतं. तो पाच त्रिक पंधरा करतो, मधल्या दोन रिकाम्या मात्रा मिळवतो, सतरा येतात, आणि सोळाच्या तालात सतरा कसे मावणार म्हणून थबकतो. पण सतरावी मात्रा हीच पुढच्या आवर्तनाची पहिली. शेवटचा धा या आवर्तनात मोजायचाच नाही. कुंपणाचे खांब तीन असले तर त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा दोनच असतात, तसंच हे. म्हणून हिशेब असा करावा: धापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या मात्रा तीन वेळा घ्यायच्या, आणि धा पडल्यापासून पुढचा तुकडा सुरू होईपर्यंतच्या मात्रा दोन वेळा. आपल्या तिहाईत ३ × ४ + २ × २ = १६.

यातला दुसरा आकडा मोठा मजेशीर आहे. धानंतर थांबलो तर त्या थांबण्याला दम म्हणतात आणि ती तिहाई दमदार. धाची मात्रा संपताक्षणी पुढचा तुकडा उचलला तर ती बेदम. वरच्या तिहाईतल्या रिकाम्या मात्रा काढून टाकल्या, की ३ × ४ + २ × १ = १४ होतात. मग समेपासून सुरुवात करून चालणार नाही, तिसऱ्या मात्रेपासून उठावं लागेल. धा पडतील सातव्या मात्रेवर, बाराव्या मात्रेवर आणि समेवर. आणि चौदा म्हणजे सात मात्रांच्या रूपकाची बरोब्बर दोन आवर्तनं, त्यामुळे हीच बेदम तिहाई रूपकात समेपासून समेपर्यंत जशीच्या तशी बसते. दहा मात्रांच्या झपतालात दोन आवर्तनं भरायची तर वीस मात्रा हव्यात, म्हणजे प्रत्येक धानंतर तीन मात्रा गप्प बसायचं. गणिताला हे चालतं. कानाला इतकी लांब शांतता पेलते का, हे लयीवर आणि वाजवणाऱ्याच्या धीरावर अवलंबून.

तीनतालातल्या दोन्ही तिहायांमध्ये एक गोष्ट मात्र बदलली नाही. तिसरा तुकडा दोन्हीकडे तेराव्या मात्रेवरच सुरू झाला. तो बदलणारच नाही, कारण समेच्या आधी चार मात्रा म्हणजे तेरावी. दम कितीही घ्या, त्याचा परिणाम फक्त पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या जागेवर होतो. म्हणूनच श्रोत्यालाही एक साधी परीक्षा मिळते. हाताने ताल धरला असेल तर तेराव्या मात्रेची टाळी आणि तिसऱ्या फेरीचा ‘तिट’ एकदम यायला हवेत. आले नाहीत, तर सम चुकणार हे चार मात्रा आधीच कळतं.

चुकतं ते बहुधा दमात. बोल वाजत असताना हातच लय सांभाळतात, शांततेत तो आधार नसतो. वेळेचा अंदाज घेण्याबद्दलच्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: मोजायचं अंतर जितकं लांब, तितकी माणसाची चूक त्याच प्रमाणात वाढते, आणि लांब अंतराचे मनातल्या मनात छोटे भाग पाडले तर ती कमी होते. गुरू शिष्याला दमातही मात्रा मनात म्हणायला लावतात, त्यामागचं कारण हेच. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर एक मात्रा पाऊण सेकंदाची. उत्साहात प्रत्येक दम पाव मात्रेने आखडला, तर दम दोन असल्यामुळे धा अर्धी मात्रा आधी पडेल. सोलो वादनात लेहरा, म्हणजे साथीला आवर्तनभर फिरत राहणारी धून, आपल्या चालीने समेकडे येत असतो, त्यामुळे हा अर्ध्या मात्रेचा फरक लपत नाही. काही वादक पहिला दम आखडल्याचं लक्षात येताच दुसरा लांबवून सम गाठतात. सम मिळते, पण दोन दम असमान झालेले कानाला कळतात. माझ्या मते अशी तिहाई चुकलेल्या तिहाईपेक्षा फार बरी नव्हे.

आता हाच तुकडा घेऊन थोडं वर चढू. संपूर्ण तिहाईच तीनदा वाजवली, तिच्याआधी काही बोल जोडले, की चक्रदार होतो. त्यातल्या फर्माइशी चक्रदाराची अट ऐकायला अशक्य वाटते: पहिल्या फेरीतला पहिला धा समेवर, दुसऱ्या फेरीतला दुसरा धा समेवर आणि तिसऱ्या फेरीतला तिसरा धा समेवर. नऊ धांपैकी हे तीनच समेवर, बाकीचे सहा इतरत्र.

तीनतालात समेपासून सुरुवात करू. आधी बारा मात्रांचे कुठलेही बोल, मग आपली बेदम तिहाई, ‘तिट कत गदि गन धा’ तीन वेळा, पंधरा मात्रा. एक फेरी सत्तावीस मात्रांची झाली. बारा मात्रा बोलांच्या आणि चार ‘तिट कत गदि गन’च्या मिळून सोळा झाल्या, म्हणजे पहिला धा समेवर. पहिली अट पुरी. दोन धांमधलं अंतर पाच मात्रांचं. मग एका फेरीतल्या पहिल्या धापासून पुढच्या फेरीतल्या दुसऱ्या धापर्यंत किती मात्रा जातील? अख्खी फेरी सत्तावीस, अधिक पाच. बत्तीस! म्हणजे बरोब्बर दोन आवर्तनं. समेपासून दोन आवर्तनं पुढे गेलं की समच येते. तिथून आणखी बत्तीस मात्रांनी तिसऱ्या फेरीतला तिसरा धा, पुन्हा समेवर. एकूण ८० मात्रा, पाच आवर्तनं, आणि वरच्याच लयीत पूर्ण एक मिनिट. या मिनिटात लय नकळत एक टक्का जरी चढली, तरी शेवटचा धा जवळजवळ पाऊण मात्रा आधी येईल.

यातले आकडे सुटे बदलता येत नाहीत. पुढे जोडलेले बोल बाराऐवजी अकरा मात्रांचे केले, तर पहिलाच धा समेच्या अलीकडे पडतो. दोन फेऱ्यांमध्ये एक मात्रा थांबलो, तर पहिला धा बरोबर येईल आणि पुढचे सुटतील. झपतालात तर वेगळीच पंचाईत होते. तिथे पाच मात्रांच्या अंतराने येणारे धा एकदा समेवर बसले, की फेरीत एकाआड एक आपोआपच समेवर पडू लागतात. पहिल्या फेरीतला पहिला धा समेवर, आणि न मागता तिसराही! कोड्यातली हवाच निघून गेली. त्या तालासाठी तुकडाच वेगळा बांधायला हवा.

सतारीवर हा हिशेब स्वरांतून येतो आणि तिथे माझी आवडती तिहाई अगदी साधी आहे. मसीतखानी गत म्हणजे सतारीवरची संथ लयीतली बंदिश. तिचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, तीनतालात बाराव्या मात्रेवर उठतो: ‘दिर दा दिर दा रा’ या पाच मात्रा, मग समेवर ‘दा’. या मुखड्याचीच बेदम तिहाई करायची. ३ × ५ + २ × १ म्हणजे सतरा मात्रा, तेव्हा सुरुवात समेच्या एक मात्रा आधी, सोळाव्या मात्रेवर. पहिला मुखडा पाचव्या मात्रेवर पोहोचतो. लगेच सहाव्या मात्रेवरून दुसरा उठतो आणि अकराव्यावर पोहोचतो. तिसरा उठतो बाराव्या मात्रेवर, म्हणजे जिथे मुखडा एरवीही उठतो, अगदी तिथेच. दोन वेळा परक्या जागी ऐकू आलेला मुखडा तिसऱ्यांदा आपल्या जागेवर येतो आणि तिहाई संपताना गत आधीच सुरू झालेली असते. सतारियाला वेगळं परतावं लागत नाही.

या सगळ्यात साथीचा तबलजी ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, धरून कान देत असतो. सतारियाने सोळाव्या मात्रेवर मुखडा उचलला, तेव्हा ती तिहाई आहे की मुखड्याशी चाललेला नुसता खेळ, हे त्याला सांगता येत नाही. पाचव्या मात्रेवरचा ‘दा’ ऐकूनही सांगता येत नाही. सहाव्या मात्रेवर तोच मुखडा पुन्हा सुरू झाला, की मात्र त्याच्या हाती अंतर लागतं: सहा मात्रा. सोळावी, मग सहावी, मग बारावी. तुकडा तीनऐवजी दोनदाच म्हणायची रीत असती, तर अंतर कळेपर्यंत शेवटचीच फेरी सुरू झाली असती. तीन असल्यामुळे दुसरी फेरी पडताळून पाहायला मिळते. ती अकराव्या मात्रेवर पोहोचली, की तबलजी ठेका सोडतो आणि बाराव्या मात्रेपासून सतारीच्या बोलाला बोल लावून तिसरी फेरी तिच्याबरोबरच वाजवतो.