डावीकडून मारलेली हाक

माझ्या थोरल्या काकांना दोन्ही कानांनी जवळजवळ सारखेच कमी ऐकू येते. खालच्या पट्टीतले आवाज त्यांना बरे कळतात, वरच्या पट्टीतले फारसे कळत नाहीत. वाढत्या वयातल्या बहिरेपणाचे हे नेहमीचे चित्र आहे. पहिले श्रवणयंत्र घेतले तेव्हा ते त्यांनी उजव्या कानात बसवले, कारण फोन त्याच हातात असतो, आणि दुसऱ्याचे पैसे वाचवले. बंद खोलीत समोरासमोर बोलताना सारे ठीक चालले. जेवणाच्या टेबलावर मात्र काकू त्यांच्या डावीकडे बसत आणि स्वयंपाकघर उजवीकडे असे. उजवीकडे मिक्सर लागला किंवा भांडी वाजू लागली, की काकूंचे "पान वाढू का?" हे त्यांना कधी "छान वाढू का?" असे, तर कधी मुळीच ऐकू येत नसे. यंत्राचा आवाज वाढवला की मिक्सरही तेवढाच वाढे.

हे असे का होते हे पाहायचे तर आधी मधल्या डोक्याकडे पाहावे लागते. ध्वनीची लहर आपल्या मार्गातल्या वस्तूपेक्षा बरीच लांब असेल, तर ती त्या वस्तूला वळसा घालून पलीकडे पोहोचते. आखूड असेल तर वस्तूमागे सावली पडते. २०० हर्ट्झच्या जाड आवाजाची लहर सुमारे १.७ मीटर लांब असते, त्यामुळे तिला डोक्याचा अडथळा जाणवतही नाही. ४००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची असते आणि तिच्यासाठी आपले डोके ही चांगली भिंत ठरते. स्वर मुख्यतः खालच्या पट्ट्यात असतात, तर 'स', 'श', 'त', 'छ' यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या पट्ट्यात असते. म्हणजे डोक्याची सावली नेमकी त्या भागावर पडते, ज्यावरून 'पान' आणि 'छान' वेगळे कळतात.

आता टेबलावरचा हिशेब करू. समजा, व्यंजनांच्या पट्ट्यात काकूंचे बोलणे आणि स्वयंपाकघरातला गलका सारख्याच ताकदीचे आहेत आणि डोके पलीकडून येणारा आवाज ८ डेसिबलने अडवते. काकांच्या डाव्या कानाशी गलका सावलीत राहतो, म्हणून बोलणे त्याच्यापेक्षा ८ डेसिबल वर असते. उजव्या कानाशी उलटे घडते आणि बोलणे ८ डेसिबल खाली जाते. दोन कानांतला हा फरक १६ डेसिबलचा झाला. बोलणे निम्मे समजते आणि निम्मे निसटते अशा काठावरच्या स्थितीत एकेका डेसिबलमागे समजणाऱ्या वाक्यांचे प्रमाण साधारण १० टक्क्यांनी बदलते, हे लक्षात घेतले तर काकांनी यंत्र नेमके चुकीच्या कानात घातले होते असे म्हणावे लागेल. पण स्वयंपाकघर डावीकडे असते तर डावा कान चुकीचा ठरला असता. गोंगाट कुठल्या बाजूला असेल हे घरातून निघताना ठरवता येत नाही. दोन्ही कानांत यंत्र असेल तर निदान एक कान चांगल्या बाजूला असतो आणि मेंदू त्याच्याकडे लक्ष वळवतो.

एवढ्यावर दोन कानांचे काम संपत नाही. ध्वनी एका बाजूने आला, की दूरच्या कानापर्यंत तो थोडा उशिरा पोहोचतो. पूर्ण बाजूने येणाऱ्या आवाजासाठी हा उशीर सुमारे ०.६५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पंधराशेवा भाग असतो. चांगले ऐकू येणारा माणूस याहूनही कितीतरी बारीक, सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरक ओळखतो. तीन मीटर अंतरावर समोर उभा असलेला माणूस पाच सेंटिमीटर बाजूला सरकला तर जेवढा फरक पडेल, तेवढा हा आहे. खालच्या पट्टीत वेळेवरून आणि वरच्या पट्टीत सावलीवरून दिशा ठरते, ही मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केली. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या देठात एकत्र येतात आणि ही तुलना तिथेच होते. तुलनेसाठी दोन बाजू लागतात. एकाच कानात यंत्र असले की सगळे आवाज त्या कानाकडूनच आल्यासारखे वाटतात. रस्त्यावर हाक ऐकून काका हमखास उजवीकडे वळत, ते यामुळेच.

याच तुलनेचा गोंगाटात आणखी एक उपयोग होतो आणि तो पटकन खरा वाटत नाही. एका कानात कर्णफोनमधून खरखर आणि तिच्यात बुडालेला बारीक सूर ऐकवा. सूर ऐकू येणार नाही. आता दुसऱ्या कानात तीच खरखर, सुराशिवाय, सुरू करा. एकूण गोंगाट वाढला, तरी सूर वर येतो. दोन्ही कानांत जे सारखे आहे ते मेंदू जणू वजा करतो आणि जे वेगळे आहे ते उरते. या प्रकारचे परिणाम १९४८ साली अमेरिकेत इरा हर्श यांनी मोजून दाखवले. भरल्या टेबलावर हा फायदा २-३ डेसिबलांपुरताच राहतो, म्हणजे सावलीच्या फायद्यापुढे लहान. पण काठावरच्या माणसाला तो जाणवतो.

दोन यंत्रे घेतली म्हणजे दोन निरोगी कान मिळाले, असे मात्र नाही. डिजिटल यंत्र आवाजावर प्रक्रिया करायला काही मिलिसेकंद घेते. दोन्ही यंत्रे एकाच प्रकारची असतील तर उशीर दोन्हीकडे सारखा राहतो. जुने एक ठेवून दुसऱ्या बनावटीचे नवे घेतले, तर त्यांच्यातला फरक त्या ०.६५ मिलिसेकंदापेक्षा सहज मोठा होऊ शकतो आणि दिशा बिघडते. दुसरी अडचण अशी, की यंत्र हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवते. दोन यंत्रे आपापल्या मनाने असे करू लागली, की सावलीतला कान जास्त वाढवला जातो आणि दोन कानांतला उपयोगी फरक पुसट होतो; म्हणून काही जोड्या बिनतारी संपर्काने एकमेकींशी जुळवून घेतात. शिवाय दोन कानांनी ऐकलेला आवाज एका कानापेक्षा मोठा भासतो. काकांना दुसरे यंत्र लावल्यावर पहिल्याच दिवशी "फार कलकल होते" वाटले, ते त्यामुळे. ऑडिओलॉजिस्टने दोन्हीकडची वाढ थोडी उतरवली, आणि पंधरा दिवसांनी ती तक्रार राहिली नाही.

काही जणांना एकच यंत्र बरे पडते, हेही खरे. एक कान शब्द ओळखण्याच्या पलीकडे गेलेला असेल, किंवा सतत वाहत असेल, तर तिथे यंत्र घालून उपयोग होत नाही. काही वृद्धांत एका कानाकडून येणारा विस्कळीत संदेश दुसऱ्याच्या स्वच्छ संदेशात ढवळाढवळ करतो आणि दोन यंत्रांनी बोलणे उलट कमी समजते. हे शांत खोलीतल्या ऑडिओग्रामवर दिसत नाही. त्यासाठी गोंगाटात वाक्ये ऐकवून उजवे एकटे, डावे एकटे आणि दोन्ही असे तीनदा मोजावे लागते. उलट दिशेचा धोकाही आहे: दोन्ही कान सारखेच अधू असताना वर्षानुवर्षे एकालाच यंत्र लावले, तर बिनयंत्राच्या कानाची शब्द ओळखण्याची क्षमता काही जणांत घसरते, असे १९८४ पासूनच्या अभ्यासांत आढळले आहे.

घरी करता येण्याजोगी चाचणी सोपी आहे. यंत्रे लावून डोळे मिटून बसावे आणि कोणीतरी अनवाणी फिरत, न बोलता, वेगवेगळ्या बाजूंनी किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. ऐकणाऱ्याने बोट दाखवावे. काकांनी एका यंत्राने दहापैकी दहा वेळा उजवीकडे बोट दाखवले होते. दोन यंत्रांनी तीन आठवड्यांनंतर डावे-उजवे एकदाही चुकले नाही. पुढे की मागे हे मात्र अजून चुकते, कारण ते ओळखायला कानाच्या पाळीच्या वळणांची मदत लागते आणि त्यांच्या यंत्राचा मायक्रोफोन पाळीच्या मागे बसतो.