फाउंड्रीने मशिनशॉपला कास्टिंग कोणत्या दराने द्यायचं?
(आमच्या कॉस्ट अकाउंटिंग ऑफिसतर्फे कुपवाड-मिरज एमआयडीसीतील ग्राहकांसाठी)

मालक एकच, पण फाउंड्री आणि मशिनशॉप यांचे मॅनेजर वेगळे आणि नफाही वेगळा काढला जातो, अशा कारखान्यांसाठी हे पत्रक आहे. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

समजा, कास्टिंगचा किलोमागे बदलता खर्च (भंगार, वीज, वाळू वगैरे) ७० रुपये आहे. बाहेरच्या गिऱ्हाईकाला फाउंड्री ९५ रुपयांनी विकते आणि मशिनशॉपलाही तोच दर लावते. मशिनशॉपच्या मॅनेजरला बाहेरून तसाच माल ८८ रुपयांत मिळतो, म्हणून तो तिथून घेतो. त्याच्या जागी दुसरा कुणीही हेच करेल. पण आपली भट्टी निम्मी रिकामी असेल, तर घरात ७० रुपयांत होणाऱ्या मालाचे ८८ रुपये बाहेर जातात. महिन्याला १० टन माल लागत असेल, तर १ लाख ८० हजारांचा फटका बसतो. तो दोन्ही मॅनेजरांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, मालकाच्या खिशातून मात्र जातो.

अशा वेळी दर ७० ते ८८ च्या दरम्यान ठेवावा. भट्टी पूर्ण भरलेली असेल तर गोष्ट उलटी होते. घरात दिलेला प्रत्येक किलो ९५ चं गिऱ्हाईक सोडून दिलेला असतो, म्हणून मशिनशॉपने ८८ ने बाहेरून घेणंच बरं. थोडक्यात, दर भट्टीच्या भरणीवर ठरतो. एकदा ठरवून वर्षभर तोच चालवू नका.

आता बोनस. फाउंड्रीत २ कोटी गुंतले आहेत, नफा ५० लाख, म्हणजे परतावा २५ टक्के. ४० लाखांची नवी भट्टी वर्षाला ७ लाख २० हजार मिळवून देईल, म्हणजे १८ टक्के. बोनस परताव्यावर असेल तर मॅनेजर ती नको म्हणेल, कारण त्याचा आकडा २३.८ वर घसरतो. आपलं भांडवल १२ टक्क्यांनी पडत असताना १८ टक्के सोडणं परवडत नाही. रेसिड्युअल इन्कम, म्हणजे नफ्यातून भांडवलाचा १२ टक्के खर्च वजा करून उरलेली रक्कम, २६ लाखांवरून २८ लाख ४० हजारांवर जाते. हा आकडा पाहणारा मॅनेजर भट्टी मागून घेईल. मात्र ही रक्कम मोठ्या विभागाची मोठीच दिसते. दोन विभागांची तुलना तिच्यावरून करू नका.

दोन्ही मापांत नफा येतोच, आणि तो अंतर्गत दरावर हलतो. वर्षाला १२० टन माल आत जात असताना दर ८० वरून ८५ केला, तर फाउंड्रीचा नफा ६ लाखांनी वाढतो आणि मशिनशॉपचा तितकाच घटतो. काम तेच, कारखान्याचा एकूण नफाही तोच. म्हणून दर ठरवण्याचं काम दोघांपैकी एकावर सोडू नका.

दोन्ही युनिटं वेगळ्या कंपन्यांच्या नावे असतील, तर जीएसटी आणि आयकराचे मूल्यांकनाचे नियम वेगळे लागतात. दर बदलण्याआधी आम्हाला विचारा.

भेटीला येताना भट्टीचं मागच्या सहा महिन्यांचं उत्पादन रजिस्टर, वीजबिलं आणि बाहेरच्या कास्टिंगची कोटेशनं सोबत आणा.