कुर्त्याचा टॅग आणि कुर्त्याचं लेबल: कुठे काय लिहायचं

आमच्या निळीच्या कुर्त्यांचा पहिला लॉट विकून तीन आठवडे झाले होते, तेव्हा एका ताईंचा फोन आला. कुर्ता भिजवला त्याच बादलीत दोन पांढरे टॉवेल होते, ते निळे झाले. मी म्हटलं, "ताई, पहिले चार-पाच वेळा वेगळा धुवायचा असं टॅगवर लिहिलं होतं." त्या म्हणाल्या, "अहो, टॅग मी घरी आल्या आल्या कापून टाकला. धुवायच्या आधी आत बघितलं की. आत नुसतं तुमचं नाव आहे."

चूक त्यांची नव्हती. गळ्यात दोरीने लटकतो तो टॅग आणि शिवणीत बसवतात ते लेबल, या दोन्हींना मी "ब्रँडिंगचं सामान" असं एकाच खात्यात टाकलं होतं. सगळा मजकूर सुंदर कार्डावर छापला आणि लेबलवर फक्त नाव विणून घेतलं. नवीन ब्रँड सुरू करणाऱ्या बऱ्याच जणांकडे हेच दिसतं, किंवा याच्या उलट दिसतं. लेबलवर किंमतसुद्धा छापलेली असते आणि टॅगवर फक्त फुलांची नक्षी.

टॅग वाचला जातो तो विकत घेण्याआधी, उभ्या उभ्या, दुसऱ्या हातात हँगर असताना. घरी गेल्यावर त्याला कात्री लागते. लेबल वाचलं जातं ते मोरीत किंवा वॉशिंग मशीनपाशी, महिन्यांनी, कधी कधी कपडे धुणाऱ्या मावशींकडून, ज्यांनी टॅग पाहिलेलाच नसतो. म्हणून मजकूर कुठे टाकायचा हे ठरवताना मी आता एकच गोष्ट विचारते: दहाव्या धुण्याला हे कुणाला लागणार आहे का? लागणार असेल तर ते लेबलवर. उद्या बदलू शकणार असेल तर ते फक्त टॅगवर.

बदलणारी गोष्ट म्हणजे किंमत. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी 5 टक्के झाला. त्याआधी हजाराच्या वरच्या कपड्याला 12 टक्के होता. आमचा कुर्ता सर्व करांसह 1,850 रुपयांचा होता. त्यातला कर काढला तर मूळ किंमत साधारण 1,652 येते, आणि त्यावर 5 टक्के धरले की 1,734. म्हणजे एका रात्रीत प्रत्येक नगाची एमआरपी शंभराहून जास्त रुपयांनी उतरवायची होती. कार्डावर ते जमतं. कमी केलेल्या किमतीचं स्टिकर लावायला परवानगी आहे, मात्र मूळ छापील एमआरपी त्याखाली झाकली जाता कामा नये, म्हणून कार्डावर एमआरपीच्या शेजारी दोन बोटं जागा कोरी ठेवावी. किंमत वाढवणारं स्टिकर मात्र चालत नाही. वाढवायची असेल तर पुढच्या लॉटला नवं कार्ड छापायचं. हीच किंमत साटनच्या लेबलवर छापून शिवणीत बसवली असती तर साठ कुर्त्यांची शिवण उसवावी लागली असती.

किमतीच्या बाबतीत आणखी एक. स्टिकर साध्या थर्मल रोलवर, म्हणजे बिलाच्या कागदासारख्या कागदावर छापू नका. प्रदर्शनात उन्हात लटकलेल्या टॅगवरचा आकडा चार दिवसांत फिका पडतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं मुद्दाम खोडलाय. प्रिंटरमध्ये शाईची रिबन लावून छापलेलं स्टिकर टिकतं.

टॅगवर कायद्याने काय हवं, तेही इथेच सांगते. गिऱ्हाईक हाताळून घेतं अशा उघड्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांसाठी 2022 मध्ये नियम सोपे झाले. आता एमआरपी, साइज, बनवणाऱ्याचं किंवा ब्रँडच्या मालकाचं नाव-पत्ता, आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल एवढं लागतं. साइज नुसता "M" लिहून भागत नाही, सेंटिमीटरही द्यावे लागतात. इथे बरेच जण घोळ करतात. 102 सेंमी हे तयार कुर्त्याच्या छातीचं माप की अंगाच्या छातीचं? आम्ही स्पष्ट लिहितो: "M, तयार कुर्त्याची छाती 102 सेंमी". तेव्हापासून बदलून मागायचे फोन बरेच कमी झाले. बंद पाकिटात माल देत असाल तर यादी वाढते, त्यात कपड्याचं नाव, नग आणि बनवल्याचा महिना-वर्षही येतं.

आता गोष्ट, म्हणजे कापडाची कहाणी. ती टॅगवरच हवी, पण लोक ती कशी लिहितात! "परंपरेचा वारसा जपणारा, प्रेमाने घडवलेला" असं कुठल्याही कपड्यावर चिकटवता येतं. माझं ठाम मत आहे की टॅगवरच्या गोष्टीने कपड्याचं वागणं समजावून सांगावं. आमच्या कुर्त्याची गोष्ट निळीची आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाऱ्याच्या हौदात ती आंबवून विरघळणारी करतात, तेव्हा पाणी पिवळट-हिरवं दिसतं. कापड त्यातून वर काढलं की हवेने ते डोळ्यांसमोर निळं होत जातं. गडद रंगासाठी अशा बऱ्याच बुडव्या द्याव्या लागतात, आणि शेवटच्या बुडव्यांचा थोडा रंग धाग्यात न शिरता वरवर बसून राहतो. तोच पहिल्या काही धुण्यांत निघतो, तोच उन्हाळ्यात घामाने पांढऱ्या पर्सला लागतो. हे चार ओळींत कळलं की वेगळा धुवायला का सांगतात ते गिऱ्हाइकाला आपोआप पटतं.

मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होईल, असं अनेक टॅगवर असतं. निळीला मिठाने काही होत नाही. वरचा रंग निघून जाऊ द्यायचा, एवढाच उपाय.

गोष्टीत शब्द जपून वापरावे लागतात. "खादी" हा शब्द हाताने विणलेल्या कुठल्याही कापडाला लावता येत नाही. 2013 च्या खादी मार्क नियमांप्रमाणे प्रमाणपत्र नसताना खादी म्हणून विकणं बेकायदेशीर आहे. आमचं सूत गिरणीतलं, विणकाम हातमागावरचं, म्हणून आम्ही "हातमाग" एवढंच लिहितो. एका लॉटला अस्तराचं कापड यंत्रमागाचं होतं, तर तेही लिहिलं.

आता लेबल. कुर्त्यात सहसा दोन असतात: गळ्याच्या मागे नावाचं, आणि बाजूच्या शिवणीत वॉश केअरचं. नावाचं विणून घेतलं तर छान दिसतं, पण धुण्याच्या सूचना मराठीत द्यायच्या असतील तर विणलेल्या लेबलच्या नादी लागू नका. आम्ही नमुना करून घेतला होता. 25 मिलिमीटरच्या पट्टीवर "रंग" चा "रग" झाला, कारण अनुस्वाराचा ठिपका धाग्यांत बुडाला. रफारही तसाच नाहीसा होतो. इंग्रजी अक्षरं जितकी बारीक चालतात तितकी देवनागरी चालत नाही, वरखाली मात्रा असतात. शेवटी साटन पट्टीवर छापून घेतलं, 8 पॉइंटच्या खाली अक्षर न जाऊ देता.

छापणाऱ्याकडून हजार लेबलं उचलण्याआधी पाच घेऊन या. कुर्त्याच्याच कापडाच्या तुकड्यावर शिवा, आपल्या रोजच्या पावडरने पाच वेळा धुवा, वरून गरम इस्त्री फिरवा, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्यावर काळं आलं तर शाई कच्ची आहे. कडेवरून बोटही फिरवा. गरम पात्याने कापलेल्या पट्टीची कड कडक होते आणि कमरेला दिवसभर टोचते. मग गिऱ्हाईक लेबलही कापतं, आणि आपण परत टॅगच्या ठिकाणी येतो.

बसवायची जागा कुर्त्याला शर्टापेक्षा वेगळी लागते, कारण कुर्त्याला बाजूला चीर असते. घेराजवळ लावलेलं लेबल चालताना चिरीतून डोकावतं. आम्ही डाव्या शिवणीत, चीर संपते तिथून चार बोटं वर, दुमडून लूपसारखं बसवतो. शिवणीत जाणारा वरचा एक सेंटिमीटर कोरा ठेवायचा हे छापणाऱ्याला आधीच सांगा. आमच्या दुसऱ्या लॉटला ते राहिलं, आणि टेलरकाकांच्या शिलाईखाली "वेगळा" हा शब्दच गेला. उरलं "पहिले पाच वेळा धुवा". चारही बाजूंनी सपाट शिवायचा मोहही टाळा. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं, साटन आटत नाही, आणि लेबलभोवती चुण्या पडतात.

आमच्या लेबलवर आता एवढंच असतं:

100% सुती, हातमाग, निळीचा रंग
पहिले पाच वेळा वेगळा धुवा
गार पाणी, सौम्य साबण, हाताने
ब्लीच नको
उलटा करून सावलीत वाळवा
इस्त्री उलट बाजूने
लॉट 7

खाली चिन्हांची ओळ, ठरलेल्या क्रमाने: पाण्याचं घमेलं आणि त्यात हात, फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको, मग चौकोन वाळवण्यासाठी, मग इस्त्री. चौकोनात उभी रेघ म्हणजे दोरीवर, कोपऱ्यात तिरपी रेघ म्हणजे सावलीत. ही चिन्हं मराठी न वाचणाऱ्यांसाठी आहेत, पण फक्त चिन्हांवर विसंबू नका. माझ्या आईने त्या चौकोनाला खिडकी म्हटलं होतं. लॉटचा आकडा आमच्यासाठी आहे. तक्रार आली की कापड कुठल्या हौदातलं ते त्यावरून कळतं.

वेगळा धुण्याची सूचना तेवढी दोन्हीकडे ठेवली आहे. टॅगवर कारणासकट, लेबलवर नुसता हुकूम.

टॅग अडकवायचा कुठे, हे लहान वाटतं. टॅग गनचा प्लॅस्टिकचा दोरा हातमागाच्या विरळ कापडातून घातला की भोक राहतं आणि धुतल्यावर मोठं होतं. सेफ्टी पिन पावसाळ्यात गंजते. आम्ही गळ्याच्या नावाच्या लेबलचा लूप थोडा मोठा करून घेतला आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने टॅग त्यातूनच ओवतो, कापडाला हात न लावता. कार्डही आता पांढरं नाही. निळीचा कुर्ता घासून पांढऱ्या कार्डाची कड दोन दिवसांत मळकट निळी दिसायची. 300 जीएसएमचं खाकी कार्ड घेतलं, त्यावर तो रंग दिसत नाही.

टॉवेलवाल्या ताईंना आम्ही नवे टॉवेल पाठवले, आणि सोबत सात नंबरच्या लॉटचं एक सुटं लेबल आणि सुई-दोरा. त्यांनी ते स्वतःच शिवणीत बसवलं, फोटो पाठवला. लेबल उजव्या बाजूला आहे, चालेल.