सातव्या रांगेतला हत्ती

जळगाव-धुळ्याकडच्या पोरांच्या स्पर्धा बघताना एक गोष्ट सारखी दिसते. वजीर पटावरून गेले की बरीच मुलं हत्तीला आपल्याच बाजूला, एखाद्या प्याद्याच्या राखणीला बसवतात. माझे आजोबा अमळनेरला ओट्यावर देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळायचे. त्यांचा हत्ती संधी मिळाली की पहिल्यांदा समोरच्याच्या प्याद्यांच्या रांगेत घुसायचा. तो तिथे ठेवला की ते अहिराणीत विचारायचे, "आते राजा कथा जाई?" म्हणजे आता राजा कुठे जाईल? तो हत्ती तिथे एवढा जड का होतो, याचं उत्तर या खेळाच्या इतिहासातच आहे.

आपण ज्याला हत्ती म्हणतो तो फारसीत रुख, आणि त्याच शब्दावरून इंग्रजीत रूक. नावं बदलली, पण त्याची चाल फार जुनी आहे. चतुरंग आणि शतरंजच्या काळापासून तो असाच सरळ, उभा-आडवा, वाट मोकळी असेल तितका चालतो. त्या काळी वजीर तिरकं एकच घर सरकायचा आणि आजच्या उंटाच्या जागचं मोहरं तिरकी दोन घरं उडी मारायचं. त्यामुळे पटावर सगळ्यात ताकदवान हत्तीच होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आणि उंटाला आजच्या लांब चाली मिळाल्या आणि हत्तीचा पहिला नंबर गेला. तो कोपऱ्यात बसतो, पुढे प्यादं असतं, म्हणून खेळात उशिरा उतरतो. पण दोन्ही वजीर मारले गेले की पट परत जुन्या काळासारखा होतो आणि हत्तीच पुन्हा सर्वांत मोठा ठरतो. सातव्या रांगेची गोष्ट बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

सातवी रांग म्हणजे आपल्याकडून मोजलेली सातवी, अर्थात समोरच्याच्या प्याद्यांची मूळ रांग. एका प्याद्याला दुसरं प्यादं राखतं ते मागच्या रांगेतून, तिरकं. पण मूळ घरात उभ्या असलेल्या प्याद्याच्या मागे प्यादं असूच शकत नाही. म्हणून त्या रांगेतलं न हललेलं प्यादं राखायचं तर मोठं मोहरं किंवा राजाच तिथे अडकवावा लागतो. हत्ती आडवा येतो तेव्हा वाटेत येणारं प्यादं त्याच्या माऱ्यात असतं, आणि ते खाल्लं की लगेच पुढचं. शिवाय समोरचा राजा आठव्या रांगेत असेल तर तो कोंडला जातो, कारण बाहेर यायला त्याला हीच रांग ओलांडावी लागते. ॲरन निमझोविचनं 1925 साली 'माय सिस्टिम' या पुस्तकात हे नीट मांडलं. खुल्या उभ्या पट्टीवर हत्ती ठेवायचा तो शेवटी सातव्या रांगेत शिरण्यासाठी, आणि राजा आठव्या रांगेत कोंडलेला असेल तर त्या रांगेचा ताबा पक्का, असं त्याचं म्हणणं.

पण हे पुस्तक यायच्या वर्षभर आधीच याचा सगळ्यात सुंदर नमुना पटावर येऊन गेला होता. न्यूयॉर्क, 1924. पांढऱ्याकडून जगज्जेता कॅपाब्लांका, काळ्याकडून तार्ताकोवर. आदल्याच दिवशी कॅपाब्लांका रेतीकडून हरला होता, आणि आठ वर्षांतला तो त्याचा पहिला पराभव होता.

पंचविसाव्या चालीला कॅपाब्लांकानं वजीर मारून घेतले, त्यापाठोपाठ हत्तीची एक जोडीही गेली. आता प्रत्येकाकडे एकच हत्ती. पांढऱ्याकडे उंट आणि काळ्याकडे घोडा, तोही पटाच्या कडेला ए ५ वर. आत शिरायला वाट कुठे? एकही उपयोगी पट्टी खुली नव्हती, म्हणून त्यानं ती उघडली. एचचं प्यादं त्यानं आधीच पुढे आणून ठेवलं होतं. ते एच ५ वर ढकललं, जी ६ वर अदलाबदल झाली आणि एच पट्टी मोकळी झाली. हत्ती लगेच एच १ वर. काळ्याचा राजा एफ ८ वर आला. अजून एक चाल मिळाली असती तर तो जी ७ वर जाऊन दार बंद करणार होता. तिसाव्या चालीला पांढरा हत्ती थेट एच ७ वर बसला आणि तो मार्ग मिटला.

इथे थांबून पट बघा. सातव्या रांगेत सी ७ वर काळं प्यादं आहे आणि मध्ये कुणी नाही, म्हणजे पहिल्याच क्षणी त्यावर मारा. काळ्याला आपला हत्ती सी ६ वर आणून ते राखावं लागलं. तिथून त्याची नजर पांढऱ्याच्या सी ३ वरच्या कच्च्या प्याद्यावरही होती. नवखा खेळाडू इथे सी ३ राखत बसेल. कॅपाब्लांकानं ते दिलं. उंट देऊन घोडा मारला, मग आपला राजा जी ३, एच ४ असा पुढे चालवत निघाला. काळ्या हत्तीनं सी ३ खाल्लं, मग शह देत एफ ४ सुद्धा खाल्लं. कॅपाब्लांका दोन प्यादी मागे पडला, तरी डाव त्याचाच होता. जीचं प्यादं जी ६ वर, राजा जी ५ वर आणि तिथून एफ ६ वर.

राजाची ही एफ ६ ची चाल मला सगळ्यात जास्त आवडते. एफ ५ वरचं काळं प्यादं राजाच्या हाताशी होतं, पण त्यानं ते खाल्लं नाही. ते प्यादं एफ पट्टीवर भिंतीसारखं उभं होतं, त्यामुळे काळ्या हत्तीला मागून शह देता येत नव्हता. आता पांढऱ्याची धमकी एकच होती, हत्ती एच ८ वर आणि मात. काळा राजा जी ८ वर गेला. हत्तीनं जी ७ वरून शह दिला, राजा कोपऱ्यात एच ८ वर, आणि मग हत्तीनं निवांत सी ७ खाल्लं. लगेच सी ८ वर मातेची धमकी, म्हणून काळ्याला हत्ती मागे आणावा लागला. मग एफ ५ खाल्लं, पुढे ए ७ सुद्धा. बावन्नाव्या चालीला तार्ताकोवरनं डाव सोडला.

म्हणून सातव्या रांगेत जाण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. वाटेतलं घर घोडा किंवा उंट राखून तर नाही ना. तिथे खायला प्यादी उरली आहेत की सगळी पुढे सरकली आहेत. आणि समोरचा राजा कुठे आहे. प्यादी पुढे गेलेली आणि राजा मध्यभागी मोकळा फिरतोय, अशा वेळी तोच हत्ती रिकाम्या रांगेत उभा राहतो. आपली पहिली रांग उघडी टाकून गेलात तर समोरचा हत्ती तुमच्याच घरात मात करून जातो. आणि नुसत्या हत्तीनं भागत नाही. कॅपाब्लांकाला राजाची आणि जीच्या प्याद्याची जोड लागली. आजोबा तो प्रश्न विचारायचे तेव्हा त्यांचा स्वतःचा राजा बहुतेक वेळा अर्ध्या पटावर आलेला असायचा.