पाच एचपीतले दीड एचपी जातात कुठे?

‘गेअरबॉक्स लावला की मोटारची ताकद वाढते’ हे वाक्य खानदेशातल्या जिनिंगमध्ये हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. गेअरबॉक्स फेरे कमी करून पीळ, म्हणजे टॉर्क वाढवतो. शक्ती मात्र तो वाढवत नाही, उलट थोडी खातो. किती खातो ते न मोजता मोटार घेतली, तर ऐन हंगामात वाइंडिंग जळतं.

सरकी पुढे ढकलणारा एक स्क्रू कन्व्हेयर घेऊ. भरलेला असताना त्याच्या शाफ्टला ६०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो आणि तो मिनिटाला ३६ फेरे फिरतो. ३६ फेऱ्यांना २π ने गुणून ६० ने भागलं की ३.७७ येतात. त्याला ६०० ने गुणलं की २२६२ वॅट, म्हणजे २.२६ किलोवॅट. बाजारात २.२ किलोवॅटची, म्हणजे तीन एचपीची मोटार मिळते, आणि ‘जवळपास तेवढीच आहे’ म्हणून तीच बसवली जाते. इथेच चूक होते.

मोटारपासून कन्व्हेयरपर्यंत शक्ती दोन ठिकाणांहून जाते. मोटार १४४० फेऱ्यांची, दोन्ही पुली सारख्या मापाच्या आणि पुढे ४० ला १ चा वर्म गेअरबॉक्स. चांगला ताणलेला व्ही-बेल्ट साधारण ९५ टक्के शक्ती पुढे देतो, असा वर्म सुमारे ६८ टक्के. हे आकडे एकमेकांना गुणायचे असतात, कारण गेअरबॉक्सला पट्ट्यातून उरलेलंच मिळतं. ०.९५ गुणिले ०.६८ म्हणजे ०.६४६. आता २.२६ ला ०.६४६ ने भागा, ३.५ किलोवॅट येतात. तीन एचपीच्या मोटारवर हा दीडपटीहून जास्त भार झाला. ओव्हरलोड रिले पडतो, मग कोणीतरी त्याचं सेटिंग वाढवून ठेवतं, आणि काही दिवसांत मोटार वाइंडिंगवाल्याकडे जाते.

या भागाकारात मोटारची स्वतःची कार्यक्षमता धरायची नाही. प्लेटवरचे किलोवॅट शाफ्टवर मिळणारे असतात. मोटार ८६ टक्क्यांची असेल तर ३.५ ला ०.८६ ने भागून येणारे ४.०७ किलोवॅट विजेच्या मीटरवर दिसतील. म्हणजे मीटरपासून सरकीपर्यंतची एकूण कार्यक्षमता ५६ टक्क्यांच्या आत.

वर्म इतकं का खातो? साध्या गेअरचे दात मुख्यतः एकमेकांवर लोळतात. वर्मचा आटा मात्र कांस्याच्या चाकाच्या दातांवर सतत घासतो. तो खरं तर स्क्रूच आहे, आणि सगळा खेळ आट्याच्या चढावर आहे. एकच आटा असलेल्या वर्मचा चढ सुमारे साडेचार अंश. एवढ्या आडव्या चढावर घासणं फार आणि पुढे ढकलणं थोडं. तेल चांगलं असतानाही दातांमधून ७२ टक्केच पार होतात, बेअरिंग आणि सील धरले की ६८ उरतात. दोन आट्यांचा, २० ला १ चा वर्म घेतला की चढ नऊ अंशांच्या आसपास जातो आणि हाच आकडा ८० पर्यंत चढतो.

आपल्या गेअरबॉक्समध्ये ३.३ किलोवॅट शिरतात, २.२६ बाहेर पडतात. मधला एक किलोवॅट, जवळजवळ दीड एचपी, नुसती उष्णता होतो. पाणी तापवायची एक किलोवॅटची रॉड तेलात बुडवून दिवसभर चालू ठेवावी तसं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर असताना त्या पेटीवर हात टेकत नाही. तेल पातळ होतं, घर्षण वाढतं, आणि तेलात सोनेरी चुरा दिसू लागला की चाकाचे दात झिजताहेत असं समजावं.

मग पाच एचपीची, ३.७ किलोवॅटची मोटार पुरेल? कागदावर पुरते. पण सर्वसाधारण मोटार ४० अंशांच्या हवेसाठी बनवलेली असते. ४५ अंशांत तिच्याकडून चार-पाच टक्के कमीच घ्यावं लागतं, म्हणजे ३.५५ च्या आसपास. भरलेला स्क्रू सुरू करायला हातचं काही उरत नाही.

साडेसात एचपीकडे जाण्याआधी मांडणी बदलून बघावी. पट्ट्यावरच फेरे निम्मे करा, म्हणजे गेअरबॉक्सची पुली मोटारच्या पुलीच्या दुप्पट, आणि वर्म २० ला १ चा घ्या. कन्व्हेयर ३६ फेऱ्यांनीच फिरेल. वर्म सावकाश फिरल्याने तेलाचा थर थोडा कमजोर होतो, म्हणून ८० ऐवजी ७७ टक्के धरू. तरी गरज ३.१ किलोवॅटवर येते आणि पाच एचपी निवांत चालते. हेलिकल, म्हणजे तिरप्या दातांचा गेअरबॉक्स ९५ टक्क्यांचा, त्यावर २.५ किलोवॅटमध्येच काम होतं. वर्मच्या पहिल्या मांडणीपेक्षा तासाला एक युनिटहून जास्त वीज वाचते. तो महाग पडतो, पण रोज बारा तास चालणाऱ्या यंत्राला तोच घ्यावा.

सॉकेटमध्ये खोचायच्या ‘वीजबचत’ डब्या विकायला येतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. दातांवरचं घर्षण त्या डबीला कमी करता येत नाही.

पट्ट्याचे ९५ टक्केही कायमचे नसतात. व्ही-बेल्टने पुलीच्या तिरप्या भिंती पकडायच्या असतात. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा खाली बसला आहे आणि घसरतो आहे. टॅकोमीटर लावून बघा. सारख्या पुली असताना मोटारशाफ्टवर १४४० आणि गेअरबॉक्सच्या शाफ्टवर १३७० फेरे दिसले, तर जवळपास पाच टक्के शक्ती घसरण्यातच जाते आहे. तेव्हा नुसता ताण वाढवला तर बेअरिंग जातं. पुली झिजली असेल तर पुली आणि पट्ट्यांचा पूर्ण संच बदलावा.