बोर्ड डेकमधल्या रिस्क स्लाइडवरून रिस्क रजिस्टर भरताना: पात्रता, कागदपत्रे आणि नोंद परत येण्याची कारणे

रजिस्टरमधल्या नोंदी परत येतात त्या बहुतेक वेळा एकाच कारणाने. स्लाइडवरची ओळ उचलून रकान्यात तशीच चिकटवलेली असते. स्लाइड संचालकांना दोन मिनिटांत चित्र कळावे म्हणून केलेली असते, तर रजिस्टरवरून कोणीतरी काम करायचे असते आणि सहा महिन्यांनी ऑडिटर ते काम तपासणार असतो. स्लाइडने गाळलेले सगळे रजिस्टरला हवे असते. त्यामुळे याला सारांश म्हणत असले, तरी निम्मे काम गाळलेले परत शोधण्याचे आहे.

पात्रता: कोणती ओळ जोखीम म्हणून धरली जाते

आयएसओ ३१००० या मानकाच्या २०१८च्या आवृत्तीत जोखमीची व्याख्या 'उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम' अशी आहे. म्हणजे ओळीत अनिश्चितता हवी आणि कोणत्या उद्दिष्टाला धक्का लागणार तेही हवे. या कसोटीवर स्लाइडवरच्या बऱ्याच ओळी उतरत नाहीत.

'सायबर सुरक्षा' हा विषय झाला, जोखीम नव्हे. 'अनुभवी अभियंते सोडून जात आहेत' ही घडत असलेली गोष्ट आहे. तिची शक्यता काय लिहिणार, शंभर टक्के? ती चालू अडचणींच्या यादीत जाते. तिच्यामुळे पुढे एखादा प्रकल्प मुदतीत न होण्याचा धोका असेल, तर तो मात्र रजिस्टरमध्ये येतो. 'बॅकअपची चाचणी झालेली नाही' हे कारण आहे, आणि कारणाला गुण देता येत नाहीत.

नोंदीचे वाक्य तीन तुकड्यांत लिहा: कशामुळे, काय घडू शकते, त्याने काय बिघडेल. मधला तुकडा सापडत नसेल तर स्लाइड बनवणाऱ्याला फोन करा. स्वतः कल्पनेने भरू नका, कारण पुढचे शक्यता आणि परिणाम हे दोन्ही आकडे त्याच तुकड्यावर उभे राहतात.

कागदपत्रे

बैठकीत प्रत्यक्ष मांडलेला अंतिम डेक, परिशिष्ट आणि वक्त्याच्या टिपांसकट. बैठकीचे इतिवृत्त. मागच्या तिमाहीचे रजिस्टर. आणि गुणांकनाची मोजपट्टी.

पहिली तीन मागितली की मिळतात. फक्त डेकचा मसुदा घेऊ नका. आदल्या रात्री रंग बदललेले असतात. घोडे अडते ते चौथ्यापाशी. शक्यता ३ म्हणजे नेमकी किती आणि परिणाम ४ म्हणजे किती नुकसान, हे सांगणारा तक्ता कोणाजवळच नसतो. असला तर रिस्क विभागाच्या एखाद्या जुन्या एक्सेल फाइलच्या शेवटच्या पानावर असतो. स्लाइडवर फक्त लाल, पिवळा, हिरवा. मग लोक लालला ५, पिवळ्याला ३ आणि हिरव्याला १ देऊन मोकळे होतात, आणि इथेच अख्खा संच परत येतो. पाच बाय पाचच्या हीटमॅपमध्ये लाल रंगाखाली अनेक चौकोन असतात. शक्यता २ व परिणाम ५ हाही कुठे लाल असतो, आणि शक्यता ५ व परिणाम ३ हाही. रंगावरून आकड्याकडे उलटे जाता येत नाही.

मोजपट्टी खरोखरच नसेल तर आधी एका पानाची तात्पुरती पट्टी करा, रिस्क प्रमुखांची मंजुरी ईमेलवर घ्या, आणि मगच पहिली नोंद भरा. दोन गोष्टी त्या पानावर हव्यातच: शक्यता किती काळातली (साधारणपणे पुढचे बारा महिने), आणि परिणाम कशाच्या तुलनेत (उदाहरणार्थ, वार्षिक विक्रीच्या किती टक्के). काळ लिहिला नाही तर एक जण वर्षाचा हिशेब करतो, दुसरा पाच वर्षांचा, आणि दोघांचे आकडे एकाच यादीत शेजारी बसतात.

एक नोंद भरून पाहू

उदाहरण कल्पित आहे, पण अशी स्लाइड ओळखीची वाटेल. स्लाइड १४: 'पुरवठा साखळीतील व्यत्यय, लाल, साठा वाढवला, पर्यायी पुरवठादाराशी चर्चा सुरू.' एवढेच. परिशिष्टातल्या स्लाइड ३१ वर मात्र लिहिलेले असते की ५८ टक्के उत्पादनाला लागणारा एक सुटा भाग एकाच पुरवठादाराकडून येतो. खरेदी विभागाला विचारल्यावर आणखी दोन गोष्टी कळतात. गेल्या सहा वर्षांत हा पुरवठा दोनदा तुटला, एकदा दोन आठवडे आणि एकदा सहा आठवडे. आणि सध्या तीन आठवडे पुरेल इतका साठा आहे.

आता वाक्य होते: सुटा भाग एकाच पुरवठादाराकडून येत असल्याने, त्याचा पुरवठा तुटून आपले उत्पादन थांबू शकते, आणि त्याने वर्षाचे विक्रीचे उद्दिष्ट चुकेल.

समजा, मंजूर पट्टीत शक्यता २ म्हणजे वर्षाला ५ ते २० टक्के आणि ३ म्हणजे २० ते ५० टक्के. परिणाम ४ म्हणजे वार्षिक विक्रीच्या ३ ते ८ टक्के नुकसान.

आधी साठा नाही असे धरून. सहा वर्षांत दोन घटना म्हणजे वर्षाला साधारण ३३ टक्के, शक्यता ३. मोठ्या घटनेत सहा आठवडे गेले. बावन्न आठवड्यांतले सहा, त्याचे ५८ टक्के, म्हणजे सुमारे ६.७ टक्के विक्री. परिणाम ४. दोहोंचा गुणाकार म्हणजे गुण १२.

मग साठा धरून. दोन आठवड्यांचा खंड तीन आठवड्यांच्या साठ्यात निघून गेला असता, उत्पादन थांबले नसते. उरली एकच घटना. सहा वर्षांत एक म्हणजे साधारण १७ टक्के, शक्यता २. सहांपैकी तीन आठवडे साठ्याने निभावले तर नुकसान सुमारे ३.३ टक्के. म्हणजे आधीच्या निम्मे, पण पट्टी तीच, परिणाम ४ च. गुण ८.

हिशेब फक्त दोन घटनांवर उभा आहे, हे नोंदीत एका ओळीत लिहा. दोन घटनांवरून दशांशापर्यंत टक्केवारी देणे म्हणजे अचूकतेचा आव आणणे. पट्टी ठरवण्यापुरता मात्र तो पुरतो.

आता स्लाइडकडे परत बघा. लाल टिंब १२ चे होते की ८ चे? स्लाइड सांगत नाही. आधीची जोखीम आणि सध्याच्या उपायांनंतर उरलेली जोखीम हे दोन वेगळे आकडे आहेत, रजिस्टरला दोन्ही लागतात, आणि एकाच डेकमधली दोन टिंबे दोन वेगळ्या अर्थांची असू शकतात. प्रत्येक टिंबाबद्दल हा प्रश्न लेखी विचारा. कंटाळवाणे आहे, पण टाळले तर नंतर सगळ्या नोंदी उकलाव्या लागतात.

दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवा, नुसता गुणाकार लिहू नका. शक्यता ४ आणि परिणाम २ यांचाही गुणाकार ८ च येतो, पण ती रोजची किरकोळ कटकट असते. पैसा, सुरक्षितता, कायदा असे परिणामाचे वेगवेगळे निकष असतील तर सगळ्यांत मोठा आकडा धरा. सरासरी काढली की गंभीर अपघाताची जोखीमही मधल्या पट्टीत जाऊन बसते.

उपाययोजनेचा रकाना

'साठा वाढवला' आणि 'चर्चा सुरू' ही स्लाइडवर एका स्वल्पविरामाने जोडलेली वाक्ये रजिस्टरमध्ये दोन रकान्यांत जातात. साठा हे चालू नियंत्रण आहे. त्याने गुण कमी होऊ शकतात, पण पुरावा हवा, म्हणजे तारखेसकट साठ्याचा अहवाल. चर्चा हे नियोजित काम आहे. त्याने आजचा गुण एकानेही कमी होत नाही. दुसऱ्या पुरवठादाराचा नमुना तपासून मंजूर व्हायला पाच महिने लागणार असतील, तर ते पाच महिने जोखीम ८ वरच राहते. चर्चेच्या भरवशावर ४ लिहिलेली नोंद परत येणारच.

कामासमोर एका पदाचे नाव हवे. 'व्यवस्थापन' किंवा 'संबंधित विभाग' असे लिहिलेल्या कामाला कोणी वाली नसतो.

मुदतीचा घोळ तर नित्याचा. स्लाइडवर 'तिसऱ्या तिमाहीपर्यंत' असते. आर्थिक वर्षाची तिमाही की कॅलेंडरची? आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत असेल तर दोहोंत तीन महिन्यांचा फरक पडतो, आणि 'पर्यंत' म्हणजे तिमाहीच्या सुरुवातीला की शेवटी यावर आणखी तीन महिने. रजिस्टरमध्ये दिनांक, महिना, वर्ष लिहा. तसेच डेकमधले आकडे कोणत्या तारखेचे आहेत तेही टिपा. बैठकीची तारीख आणि आकड्यांची तारीख सहसा एक नसते.

भरलेली नोंद अशी दिसेल:

स्रोत: अंतिम डेक, स्लाइड १४ व ३१, खरेदी विभागाची माहिती
उपायांआधी: शक्यता ३, परिणाम ४
चालू नियंत्रण: तीन आठवड्यांचा साठा, अहवाल जोडला आहे
उपायांनंतर: शक्यता २, परिणाम ४
नियोजित काम: दुसऱ्या पुरवठादाराला मंजुरी, जबाबदारी खरेदी प्रमुख, पूर्ण तारीख
आधार: सहा वर्षांतल्या दोन घटना

हीच जोखीम खर्चवाढीच्या स्लाइडवर दुसऱ्या नावाने आली आहे का, हे पाहून घ्या. कारण आणि उपाय तेच असतील तर एकच नोंद ठेवून दोन्ही स्लाइडचे क्रमांक द्या. उपाय वेगळे असतील तर नोंदी वेगळ्या.

सादर करण्याआधी

नोंद जबाबदार व्यक्तीला दाखवून लेखी होकार घ्या. इतिवृत्तात संचालकांनी काही बदल सांगितला असेल तर स्लाइडपेक्षा इतिवृत्त ग्राह्य धरा.

आणि स्लाइडवर लाल असलेली जोखीम तुमच्या हिशेबाने ८ वर, म्हणजे पिवळ्यात आली, तर गुपचूप रंग बदलू नका, आणि रंग जुळावा म्हणून आकडाही वाढवू नका. नोंदीत फरकाचे कारण लिहा ('स्लाइडवरील रंग साठ्याआधीचा') आणि पुढच्या बैठकीचे कागद निघण्याआधी ते कंपनी सेक्रेटरींकडे पाठवा, म्हणजे पुढच्या डेकमध्ये टिंबाखाली ते कोणत्या आकड्याचे आहे हे छापून येईल.